भोक नसलेला वायसर

मागच्या ऑगस्टमध्ये कपाशीच्या फवारणीची घाई चालू होती. परतूरकडचे एक काका सकाळी दुकान उघडताउघडताच आले. खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी त्यातला काळा रबरी वायसर काउंटरवर ठेवला आणि शेजारी आपला मोबाइल ठेवला.

"ह्यो बसंना," ते म्हणाले. "नटात घातला की हलायलाय. सारं औषध हातावर यायलंय. फोटूत तर हाच व्हता."

पप्पांनी फोटो पाहिला, वायसर पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. फोटो मी तयार केलेला होता. पांढराशुभ्र बॅकग्राउंड, वायसर बरोबर मध्यभागी, चारही बाजूंना सारखी मोकळी जागा. त्यात काही चूक आहे असं तेव्हाही मला दिसलं नाही.

आमचं दुकान जालन्यात, मोंढ्याच्या बाजूला. फवारणी पंपाचे सुटे भाग विकतो. पाठीवरच्या पंपाचे पट्टे, झाकणं, नळ्या, ट्रिगर, नोझल, जाळ्या, स्प्रिंगा आणि वायसर. वायसरच पन्नासेक प्रकारचे. भिंतीला पत्र्याचे खण आहेत आणि कुठल्या खणात काय आहे हे पप्पांना आणि दुकानातल्या मामांना चिठ्ठी न वाचता कळतं. गिऱ्हाईक जुना तुटका भाग घेऊन येतं, मामा तो बोटांत फिरवतात आणि हात आपोआप खणाकडे जातो.

लॉकडाऊननंतर गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागलं. "ह्याचा भाव काय?" असा मेसेज आला की पप्पा तो भाग चिमटीत धरून काउंटरवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर फोटो काढायचे आणि पाठवायचे. फोटोत त्यांचा अंगठा, अर्धी हेडलाइन, कधी चहाचा कप. मला त्या फोटोंची लाज वाटायची. मी छत्रपती संभाजीनगरला कॉम्प्युटर सायन्स करून परत आले होते आणि सगळ्या मालाचा नीट कॅटलॉग करायचा असं ठरवलं. सव्वासहाशे वस्तू निघाल्या.

एका अ‍ॅपमध्ये बोटाने बॅकग्राउंड पुसायला एका फोटोला तीन-चार मिनिटं लागत होती. स्प्रिंग असेल तर दहा. म्हणून लॅपटॉपवर `rembg` टाकलं. ही पायथनमधली फुकट मिळणारी लायब्ररी आहे. फोटोंचं एक फोल्डर तिला द्यायचं, दुसऱ्या फोल्डरमध्ये कापलेले फोटो मिळतात:

```
rembg p photos cutouts
```

ही ओळ चालवून मी जेवायला गेले. परत आले तेव्हा निम्म्याहून जास्त फोटो झाले होते.

आत काय चालतं ते थोडं सांगते, कारण पुढच्या चुका तिथूनच येतात. `rembg` मध्ये मी न बदलता वापरलेलं मॉडेल होतं यू-टू-नेट, कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेलं. ते फोटो बघून एक मास्क बनवतं. मास्क म्हणजे फोटोच्याच आकाराचं काळं-पांढरं चित्र. पांढरं तिथे वस्तू, काळं तिथे बॅकग्राउंड, मधल्या करड्या छटा म्हणजे 'नक्की माहीत नाही'. पण हा मास्क ते मूळ फोटोवर काढत नाही. आधी फोटो आक्रसून ३२० बाय ३२० पिक्सेलचा करतं, त्यावर मास्क काढतं आणि तो ताणून परत मोठा करतं. माझ्या फोनचा फोटो ४००० बाय ३००० चा. म्हणजे मास्कचा एक ठिपका मूळ फोटोतल्या साधारण बारा बाय नऊ पिक्सेलांचा निकाल एकदम लावतो. ट्रिगरमधल्या बारीक स्प्रिंगची तार माझ्या फोटोत दहाएक पिक्सेल जाड होती. आक्रसल्यावर ती एका ठिपक्याएवढी उरली आणि तारेमधली फट तर गेलीच. स्प्रिंगऐवजी मला एक धुरकट सुरनळी मिळाली.

यावरचा उपाय साधा आहे आणि पुष्कळ उपयोगी पडतो. मॉडेल दोनदा चालवायचं. पहिल्या मास्कवरून वस्तू कुठे आहे तेवढंच बघायचं, तिच्याभोवती थोडी जागा सोडून मूळ फोटो कापायचा आणि तो छोटा तुकडा परत मॉडेलला द्यायचा. स्प्रिंगने फोटोची पाव रुंदी व्यापली असेल तर दुसऱ्या वेळी ती जवळपास चौपट मोठी दिसते. १०२४ बाय १०२४ वर काम करणारं `isnet-general-use` हे मॉडेलही त्याच लायब्ररीत आहे. ते हळू चालतं, पण बारीक तारांना बरं. दोन्ही केल्यावर बहुतेक स्प्रिंगा सुटल्या.

वायसर मात्र सुटले नाहीत. तिथे अडचण बारकाव्याची नव्हतीच. वायसरचं भोक चांगलं मोठं दिसत होतं, तरी मॉडेलने ते वस्तूचाच भाग धरलं. असं मॉडेल फोटोतली 'मुख्य वस्तू' शोधायला शिकवलेलं असतं, आणि मुख्य वस्तूच्या पोटात बॅकग्राउंड असू शकतो हे त्याला नेहमी पटत नाही. बाहेरचा कागद पुसला, भोकातला कागद ठेवला.

आता यातली खरी गोम अशी की ही चूक मला आधी दिसलीच नाही. मी फोटो पांढऱ्या कार्डशीटवर काढले होते आणि तपासत होते तेही पांढऱ्या बॅकग्राउंडवर. भोकात पांढरा कागद उरलाय की भोक खरंच रिकामं आहे, दोन्ही सारखंच दिसणार. उलटंही तसंच. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नोझलची एक कड मॉडेलने खाऊन टाकली, पण पांढऱ्यावर पांढरं गेलेलं कुणाला कळणार? मी एका रात्रीत सव्वासहाशे फोटो झरझर पाहिले आणि चाळीस बाद केले. खूश होऊन झोपले.

सकाळी पप्पांनी कॅटलॉगचं एक पान हौसेने फिक्या पिवळ्या कागदावर छापून आणलं. सगळे वायसर गोळ्यांसारखे. मधे भोकच नाही, भोकाच्या जागी पांढरी टिकली.

"ह्याला वायसर म्हणतात का गं?" मामांनी विचारलं. त्यांना चेष्टा करायची नव्हती, खरंच विचारत होते.

तेव्हापासून तपासायचे फोटो मी भडक गुलाबी बॅकग्राउंडवर टाकते. आमच्या दुकानात त्या रंगाचं काहीच नाही. एका पानावर तीस छोटे फोटो, आणि एका पानावर एकाच जातीचा माल: सगळे वायसर एकत्र, सगळ्या जाळ्या एकत्र. तीस वायसरांपैकी अठ्ठावीसांतून गुलाबी दिसतं आणि दोघांतून पांढरं दिसतं, तर डोळा आपोआप त्या दोघांवर जातो. मिसळलेल्या मालात तो जात नाही, कारण दर चौकटीत 'हे कसं दिसायला हवं' हे नव्याने आठवावं लागतं. पांढरा बॅकग्राउंड अगदी शेवटी, पास झालेल्या फोटोंनाच.

भोकं मोजायचं काम मात्र डोळ्यावर सोडायची गरज नाही. मास्कमधले काळे भाग मोजायचे. वायसरच्या बाहेर एक आणि भोकात एक, असे दोन यायला हवेत:

```python
from scipy import ndimage
n = ndimage.label(alpha < 128)[1]
if n != 2:
    send_to_review(name)
```

इथे `alpha` म्हणजे तो मास्कच आणि `send_to_review` हे माझंच छोटं फंक्शन, फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाकणारं. एक आलं तर भोक बुजलंय. तीन-चार आले तर रबराच्या चमकत्या डागाला मॉडेलने भोक पाडलंय. हा तपास कधी उगाचच ओरडतो, पण ते परवडतं. न ओरडता चुकला तर परवडत नाही.

बुजलेल्या भोकांसाठी मी वायसर पोपटी कागदावर ठेवून पुन्हा फोटो काढले. काळ्या रबरावर पोपटी रंग कुठेच नसतो, त्यामुळे मास्कच्या आत जिथे पोपटी दिसेल ते भोक, असं सरळ रंगावरून ठरवता आलं. हीच युक्ती पितळी नोझलला करायला गेले आणि पस्तावले. पितळ घासून चकचकीत केलेलं असतं. कागदाचा पोपटी रंग त्याच्या कडांवर उतरला आणि ती नोझलं बुरशी लागल्यासारखी दिसायला लागली. त्यांना करडा, चमक नसलेला कागदच बरा. पारदर्शक नळीचा तर मी नाद सोडला. नळीतून मागचा कागद दिसतो, तो नळीचा धरायचा की कागदाचा, हे मॉडेलला विचारण्यात अर्थ नाही. नळ्यांचे बॅकग्राउंड अजून हातानेच पुसते. सगळ्या मिळून अकरा आहेत.

कापून झालं की क्रॉप. सगळे फोटो एकसारखे चौकोनी हवे होते. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोसाठी नियम आहे: बॅकग्राउंड शुद्ध पांढरा आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा. आम्ही तिथे काही विकत नाही, पण माप म्हणून ते मला पटलं. १००० पिक्सेलची चौकट आणि वस्तूची लांब बाजू ८५० पिक्सेल. वस्तूच्या चारही कडा कुठे आहेत ते मास्कवरून काढायचं, तेवढा तुकडा उचलायचा, हवा तेवढा मोठा करायचा, मधोमध ठेवायचा.

पहिल्या खेपेला काही वस्तू चौकटीच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या आल्या. कागदावरच्या धुळीच्या एका कणाला मॉडेलने अगदी फिकट, दिसेल न दिसेल असं 'वस्तू' ठरवलं होतं आणि माझा प्रोग्रॅम त्या कणापासून वायसरपर्यंतच्या सगळ्या जागेला वस्तू समजत होता. फिकट ठिपके मोजायचे नाहीत अशी एक ओळ टाकली आणि ते मिटलं. ही चूक लगेच दिसते. म्हणून तिचं मला काही वाटत नाही.

परतूरच्या काकांच्या वेळी झालेली चूक दिसणारी नव्हती. सगळे तपास पास. भोक उघडं, कडा स्वच्छ, चौकटीच्या बरोबर मध्ये. गडबड या ओळीत होती:

```python
k = 850 / max(p.size)
```

`p` म्हणजे कापलेला तुकडा. ही ओळ म्हणते, वस्तू केवढीही असो, तिची लांब बाजू ८५० करून टाक. नळी आणि ट्रिगर जोडणाऱ्या नटमध्ये बसणारे दोन वायसर आमच्याकडे चालतात, एक १८ मिलिमीटरचा आणि एक १४ चा. दोन्ही काळे, दोन्ही चपटे, भोकाचं प्रमाणही जवळपास सारखं. माझ्या प्रोग्रॅमने दोघांना ८५० करून टाकलं. कॅटलॉगमध्ये ते दोन जुळे भाऊ होते. खाली बारीक अक्षरात कोड नंबर होता, तो शेतात, उन्हात, पाठीवर पंप असताना कोण वाचणार?

आणि हे पप्पांनी मला आधी विचारलं होतं. गुलाबी पान बघताना त्यांनी दोन चौकटींवर बोट ठेवून विचारलं, "हे दोन एकच आहेत का?" मी म्हणाले, "नाही, नंबर वेगळा आहे खाली." तपासायला मीच त्यांना बसवलं होतं. त्यांनी चूक पकडून दिली आणि मी ती पास केली. माझ्या लेखी चूक म्हणजे कापण्यातली चूक, बाकी काही नव्हतंच.

पप्पा गळतीबद्दल फार कडक आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून गळका पंप कुणी "चालतंय चालतंय" म्हणत परत नेऊ लागला की ते हातातून काढून घेतात. ट्रिगरपाशी गळतं तेव्हा औषध मनगटावरून कोपरापर्यंत उतरतं आणि माणूस ते पँटला पुसून पुढे फवारत राहतो. काकांनी १४ चा वायसर घालून अर्धा दिवस तसंच काढलं होतं. त्यांनी हाताची कातडी दाखवली नाही, मी विचारलंही नाही.

त्या दुपारी मी ओळ बदलायला बसले. एका जातीच्या सगळ्या वस्तूंना एकच गुणक लावायचा, त्या जातीतल्या सगळ्यात मोठ्या वस्तूवरून काढलेला. मोठी वस्तू ८५०, बाकीच्या तिच्या प्रमाणात. दहा मिनिटांचं काम वाटलं. पण वायसरचे फोटो मी हातात फोन धरून काढले होते, कधी एक वीत उंचीवरून, कधी दीड. १८ चा वायसर एका फोटोत १४ च्या वायसरपेक्षा लहान होता. माप फोटोत मुळात आलंच नव्हतं, तर प्रोग्रॅम ते आणणार कुठून?

मग पप्पांचे जुने फोटो काढून बघितले. अंगठ्याचं नख, वर्तमानपत्राची अक्षरं. त्या फोटोंत वायसर केवढा ते कुणालाही कळत होतं. त्या फोटोंवरून चुकीचा भाग गेल्याचं मामांना आठवत नव्हतं. मी गबाळेपणा म्हणून जो बॅकग्राउंड पुसायला निघाले होते, तीच त्यांची मोजपट्टी होती.

सगळे वायसर पुन्हा काढले. प्लायवूडच्या तुकड्याला फोन बसवला, उंची पक्की, झूम २ वर पक्का. फोन जवळची वस्तू दिसली की आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो, ती सेटिंग बंद करावी लागली, नाहीतर उंची पक्की ठेवून काही उपयोग नाही. दर वीस फोटोंनंतर स्टीलच्या पट्टीचा एक फोटो. पट्टीवरून एका मिलिमीटरला ३० पिक्सेल निघाले. म्हणजे १८ चा वायसर फोटोत ५४० पिक्सेलचा आणि १४ चा ४२० चा यायला हवा. जुन्या ओळीने दोघंही ८५० झाले असते. नव्या हिशेबात दोघांनाही ८५० भागिले ५४० हाच गुणक, त्यामुळे मोठा ८५० आणि लहान ६६१. गुलाबी पानावर शेजारीशेजारी ठेवले तर लहान मूलही ओळखेल.

याने सगळं सुटलं असं नाही. ३ मिलिमीटरच्या ओ-रिंगला १८ च्या वायसरच्या प्रमाणात दाखवलं तर ती चौकटीत ठिपका होऊन बसते. तिच्यासाठी जात वेगळी करावी लागली. शिवाय गिऱ्हाईकाला एकच फोटो फॉरवर्ड झाला तर शेजारच्याशी तुलना करायला शेजारी कुणी नसतं. म्हणून आता दर वायसरचे दोन फोटो जातात. एक माझा, स्वच्छ. दुसरा पप्पांचा, चिमटीतला. त्याचा बॅकग्राउंड मी पुसत नाही.

तपासणी आता रविवारी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर असते. मामा, पप्पा आणि मी. नवा माल आला की तीन-चार गुलाबी पानं निघतात. प्रोग्रॅमने बाजूला काढलेले फोटो मी बघते, कारण त्यात काय बिघडलंय ते मला कळतं. प्रोग्रॅमने पास केलेले ते दोघं बघतात. लॅपटॉपमध्ये `review` नावाचं फोल्डर आहे आणि शेजारी `pappa` नावाचं. दुसऱ्यात फोटो कमी असतात, पण मला त्याचीच जास्त धास्ती असते. मागच्या रविवारी त्यात एक जाळी होती. कापणं, क्रॉप, माप सगळं बरोबर. मामा म्हणाले, "उलटी ठेवलीय. कड खाली गेली. ही बाजू बघून माणूस उलटीच बसवंल."

परतूरच्या काकांना त्या दिवशी पप्पांनी १८ चा वायसर दिला, वर दोन जास्तीचे, पैसे घेतले नाहीत. काकांनी तो तिथेच नटमध्ये घालून पाहिला. मग बाहेर काढला, डाव्या हाताच्या चिमटीत धरला आणि उजव्या हाताने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.